मुलाखतीत जाहिरातीपेक्षा वेगळंच काम विचारलं. मॅनेजरला "काम बदललं का?" हे कसं विचारावं?

पैठणगेट

वाळूज एमआयडीसीत ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत गुरुवारी मुलाखत झाली. कन्सल्टन्सीकडून आलेली जाहिरात 'क्वालिटी इंजिनियर, सप्लायर क्वालिटी' अशी होती. त्यात कामं दिली होती ती अशी: येणाऱ्या मालाची तपासणी, व्हेंडरकडे जाऊन ऑडिट, पीपॅप म्हणजे पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं, रिजेक्शनवर व्हेंडरकडून ८डी, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय यांचा अहवाल घेणं. माझा ४ वर्षांचा अनुभव याच कामाचा आहे.

मुलाखत ४० मिनिटं चालली. समोर प्रॉडक्शन मॅनेजर आणि एचआर होते. क्वालिटीचे हेड बाहेरगावी आहेत असं सांगितलं. घरी आल्यावर प्रश्न आठवतील तसे लिहून काढले:

एका वेळी किती ऑपरेटर हाताळलेत? ऑपरेटरने खाडा केला तर लाइन कशी चालवाल? टार्गेट मागे पडलं तर काय कराल? कंत्राटी मुलांशी वाद झाला तर? सेटअप बदलल्यावर पहिला नग कोण पास करतं? लाइनवर एकच दोष सलग आला तर किती नग मागे जाऊन तपासाल? तिसरी पाळी चालेल ना? कंपनीच्या बसच्या रूटवर राहता का? व्हेंडरबद्दल एकच प्रश्न आला, तोही जाता जाता.

पगार ३४,००० सांगितलाय. "दोन-चार दिवसांत कळवतो" म्हणाले. सध्याच्या ठिकाणी ३० दिवसांची नोटीस आहे. ऑफर येण्याआधी प्रॉडक्शन मॅनेजरना विचारायचंय की काम बदललंय का. कसं विचारावं, की त्यांना राग येणार नाही आणि मलाही खरं उत्तर मिळेल?

सिंदफणा

विचारायचं कशाला? जाहिरात म्हणजे त्यांनी लिहून दिलेला शब्द आहे. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कन्सल्टन्सीचा मेल जपून ठेवा. उद्या दुसरं काम दिलं तर सरळ कामगार आयुक्त कार्यालयात जा. जाहिरातीत लिहिलेलं काम देणं त्यांना बंधनकारक आहे.

बिंदुसरा

माझंही असंच झालंय. बीडला एका संस्थेत लॅब असिस्टंट म्हणून लागले आणि आता प्रवेशाचे फॉर्म भरायला बसवलंय. तुम्ही आधी तुमच्या साहेबांकडून केआरए लिहून घ्या, त्यावर सही घ्या. सही नसेल तर रोज एक नवीन काम अंगावर येतं.

पैठणगेट

ताई, मी अजून लागलेलो नाही. फक्त मुलाखत झालीय.

कुंडलिका

तुमचे प्रश्न दोनदा वाचले. तुम्ही "क्वालिटी सांगितली आणि प्रॉडक्शन निघालं" असं धरून चाललात, पण तसंच असेल असं नाही. इथे तीन वेगवेगळी कामं असू शकतात, आणि ती आधी वेगळी केली नाहीत तर मॅनेजरना नेमकं काय विचारायचं तेच कळणार नाही.

पहिलं जाहिरातीतलं, सप्लायर क्वालिटी. हे बहुतेक ठिकाणी जनरल शिफ्टचं काम असतं, आठवड्यातून एक-दोन दिवस व्हेंडरकडे जावं लागतं. दुसरं लाइन क्वालिटी, म्हणजे इनप्रोसेस. यात माणूस पाळीने येतो, पहिला नग पास करतो, दर तासा-दोन तासाला नग तपासतो, दोष दिसला तर मागचा माल अडकवतो. तिसरं काम शिफ्ट सुपरवायझरचं: माणसं, टार्गेट, मशीन.

तुमच्या यादीतले पहिला नग आणि मागे जाऊन तपासणं हे दोन प्रश्न अस्सल लाइन क्वालिटीचे आहेत. निव्वळ प्रॉडक्शनसाठी माणूस घेणारा "किती नग मागे जाल" हे सहसा विचारत नाही. खाडा, टार्गेट आणि कंत्राटी मुलं हे तीन प्रश्न सुपरवायझरचे.

तिसऱ्या पाळीच्या प्रश्नावरून मात्र काहीच ठरवू नका. वाहन उद्योगाला माल देणारी कंपनी आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचं मानक पाळत असेल, तर प्रत्येक पाळीत मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी सोपवलेला कोणीतरी असावाच लागतो आणि गुणवत्तेसाठी उत्पादन थांबवायचा अधिकारही नेमून द्यावा लागतो. म्हणून लाइन क्वालिटीवाल्याला रात्रपाळी येणं अगदी साहजिक आहे. बसच्या रूटचा प्रश्नही त्याच्याच जोडीचा.

सिडको_एन६

मंग सरळ फोन करा आणि विचारा, "सर, काम बदललं का?" एवढा काथ्याकूट कशाला? हो म्हणतील नाहीतर नाही म्हणतील.

मांजराकाठ

भरतीचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सिडको, तुमचा प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर ९० टक्के वेळा "नाही नाही, सगळं तेच आहे" असंच येतं. मॅनेजर खोटं बोलतो म्हणून नाही. त्याने कन्सल्टन्सीची जाहिरात बहुधा वाचलेलीच नसते. त्याच्या डोक्यात एकच काम असतं आणि ते पहिल्या दिवसापासून तेच आहे. 'बदललं का' याचं त्याचं उत्तर प्रामाणिकपणे 'नाही' असतं, आणि विचारणारा समजतो की जाहिरातीतलंच काम आहे. दोघंही खरं बोलून फसगत होते.

असा फरक कुठून येतो ते सांगतो. मंजुरी एका पदाची असते आणि मधल्या काळात दुसऱ्या जागेवरचा माणूस सोडून जातो. नवीन पदाची मंजुरी मिळायला महिना-दोन महिने लागतात, म्हणून मंजूर असलेल्या पदावर माणूस घेऊन जिथे खड्डा पडलाय तिथे बसवतात. हे सर्वांत जास्त घडतं. दुसरं म्हणजे कन्सल्टन्सीने मागच्या वर्षीचीच जाहिरात तारीख बदलून पाठवलेली असते. तिसरं, ज्याने मुलाखत घ्यायची तो नव्हता म्हणून दुसऱ्या खात्याच्या माणसाने घेतली आणि त्याने आपल्याला जमतात ते प्रश्न विचारले.

पैठणगेट, तुमच्या बाबतीत तिसरं कारण खरंच शक्य आहे, कारण क्वालिटी हेड हजर नव्हते. तसं असेल तर काम बदललेलंच नाही. म्हणून मेसेजमध्ये "तुम्ही काम बदललं" असा सूर चुकूनही नको. आणि फक्त प्रॉडक्शन मॅनेजरना विचारून भागणार नाही. हे पद कोणाच्या हाताखाली आहे, हाच पहिला प्रश्न हवा.

सिंदफणा

पण जाहिरात बंधनकारक आहे की नाही, ते सांगा.

मांजराकाठ

नाही. जाहिरात म्हणजे अर्ज करायचं बोलावणं. करार होतो तो ऑफर आणि नेमणूकपत्र तुम्ही स्वीकारता तेव्हा. त्या पत्रात "व्यवस्थापन वेळोवेळी सोपवेल ती इतर कामं" ही ओळ जवळजवळ नेहमी असते, आणि एकदा सही झाली की जाहिरातीचा कागद फार उपयोगाचा राहत नाही. जाहिरात जपून ठेवा हे तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. मेसेज लिहिताना त्यातलेच शब्द वापरता येतात आणि पोर्टलवरून जाहिरात उतरली की ती परत सापडत नाही.

कामगार कार्यालयाचं म्हणाल, तर इथे एक खोच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, मुख्यतः देखरेखीचं काम करणारा आणि महिन्याला १८,००० पेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस 'कामगार' या व्याख्येत येत नाही. आधीच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हीच मर्यादा १०,००० होती. तांत्रिक काम करणारा माणूस व्याख्येत येतो. म्हणजे ३४,००० वर तपासणी करणारा क्वालिटी इंजिनियर आणि ३४,००० वर माणसं सांभाळणारा शिफ्ट सुपरवायझर यांची कायद्यासमोरची जागा वेगळी होऊ शकते. तिथे हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्षातलं मुख्य काम बघितलं जातं. कुंडलिकाताईंनी सांगितलेला दुसऱ्या आणि तिसऱ्या कामातला फरक म्हणून नुसता आवडीनिवडीचा नाही.

सिंदफणा

हे माहीत नव्हतं. तरी कंपन्यांनी जाहिरातीत एक लिहून दुसरं द्यावं आणि त्यावर काहीच करता येऊ नये, हे काही पटत नाही.

पैठणगेट

मी असा मेसेज लिहिलाय, बघा:

"नमस्कार सर, गुरुवारच्या मुलाखतीत विचारलेले प्रश्न जाहिरातीतल्या कामाशी जुळत नव्हते. मी सप्लायर क्वालिटीसाठी अर्ज केला होता. काम बदलले आहे का? बदलले असेल तर पगारात फरक पडेल का आणि रात्रपाळी किती असेल, कृपया कळवावे."

कुंडलिका

दुसऱ्या वाक्यापर्यंत येता येता त्यांना वाटेल की तुम्ही तक्रार करताय. शिवाय पगाराचा प्रश्न यात आला की बाकीचे सगळे बाजूला पडतात आणि उत्तर एकट्या एचआरकडून येतं, "पगार ठरलेला आहे". पगार नंतर. काम नक्की झाल्यावर पगार बोलायला तुमच्याकडे आधारही असेल.

मांजराकाठ

मी त्याची अशी मांडणी करेन. एचआरना मेल करा आणि त्यातच प्रॉडक्शन मॅनेजरना कॉपी ठेवा. त्यांचा मेल आयडी नसेल तर एचआरनाच लिहा, "सरांपर्यंत पोचवाल का". कन्सल्टन्सीला फक्त कळवा, पण त्यांच्यामार्फत विचारू नका. त्यांचं कमिशन तुम्ही रुजू झाल्यावर निघतं, म्हणून तिकडून "सगळं ठीक आहे, जॉइन करा" हेच उत्तर यायची शक्यता जास्त.

विषय: क्वालिटी इंजिनियर पद, कामाच्या स्वरूपाबद्दल

"नमस्कार मॅडम, गुरुवारी वेळ दिल्याबद्दल आपले व सरांचे आभार. लाइनवरच्या गुणवत्तेबद्दल आणि मनुष्यबळाबद्दल झालेल्या चर्चेतून कामाची बरीच कल्पना आली. माझ्याकडे असलेल्या जाहिरातीत इनकमिंग तपासणी, व्हेंडर ऑडिट आणि पीपॅप ही मुख्य कामे दिली आहेत (जाहिरात सोबत जोडली आहे). मुलाखतीत लाइन व पाळीचा भाग जास्त आला, म्हणून माझी समज बरोबर आहे ना, एवढे तपासून घ्यायचे होते.

१. हे पद क्वालिटी हेड यांच्या हाताखाली आहे की प्रॉडक्शन मॅनेजर यांच्या?
२. पहिल्या सहा महिन्यांत व्हेंडरचे काम, लाइनवरची तपासणी आणि पाळीची देखरेख यांचा साधारण वाटा किती असेल?
३. सहा महिन्यांनी माझे काम कोणत्या आकड्यांवरून बघितले जाईल?

फोनवर बोलणे सोयीचे असेल तर मी सायंकाळी साडेसहानंतर मोकळा असतो."

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हुद्दा काहीही लिहिता येतो, पण आकडा लपत नाही. व्हेंडर रिजेक्शनचे पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती नग नापास, असं म्हणाले तर सप्लायर क्वालिटी. लाइन रिजेक्शन आणि ग्राहकाकडच्या तक्रारी म्हणाले तर लाइन क्वालिटी. पाळीचं उत्पादन आणि हजेरी म्हणाले तर तुम्ही सुपरवायझर, मग कार्डावर इंजिनियर छापलेलं असो.

कुंडलिका

यात एक भर घालते. "दोष सलग आला तर लाइन थांबवायचा निर्णय या पदाकडे असेल का?" हे फोनवर विचारा, मेलमध्ये नको. टार्गेट आणि लाइन थांबवणं ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे दिली, तर महिनाअखेरीस डिस्पॅचच्या घाईत तो लाइन थांबवत नाही. पुढे ग्राहकाकडून माल परत आला की ८डीवर सही त्याचीच, आणि लाइन का थांबवली नाही याचा जाबही त्यालाच.

तुळजापूरनाका

मेल इंग्रजीत पाठवा. वाळूजच्या कंपन्यांत एचआर मराठी असले तरी मेल पुढे प्लँट हेडकडे जातो, ते बाहेरचे असू शकतात. मराठी मेल तिथे अडकतो.

सिडको_एन६

मुलाखत मराठीत झाली असेल तर मराठीत काय बिघडलं? इंग्रजीत लिहिताना आपल्याकडे उगीच कडक भाषा होते.

मांजराकाठ

मुलाखतीचं बोलावणं ज्या भाषेत आलं, त्या भाषेत उत्तर द्या. मला तरी तेवढं पुरेसं वाटतं. वेळेचं जास्त महत्त्वाचं आहे. मुलाखतीनंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मेल जावा. ऑफर लेटर निघालं की आकडे आणि हुद्दा वरून सही होऊन आलेले असतात, मग एक ओळ बदलायलाही एचआरला पुन्हा मंजुरी घ्यावी लागते आणि ते टाळतात.

पैठणगेट

शनिवारी सकाळी मेल केला, बोलावणं इंग्रजीत होतं म्हणून इंग्रजीतच. आज प्रॉडक्शन मॅनेजरचाच फोन आला. बोलणं चांगलं झालं, मेलबद्दल नाराजी दिसली नाही. म्हणाले, "पद सप्लायर क्वालिटीचंच आहे, पण आमचा लाइन क्वालिटीचा माणूस गेल्या महिन्यात सोडून गेला. सुरुवातीचे काही दिवस लाइन बघावी लागेल, मग तुम्हाला व्हेंडरकडे घेऊ." हाताखाली कोणाच्या, तर "कागदावर क्वालिटी हेड, रोजचं काम माझ्यासोबत". लाइन थांबवायचं विचारलं तर म्हणाले, "मला फोन करायचा, मी ठरवतो." आकड्यांचं उत्तर राहून गेलं.

बिंदुसरा

"सुरुवातीचे काही दिवस" हेच मलाही सांगितलं होतं. त्याला आता दीड वर्ष झालं.

मांजराकाठ

फोन आला, कारण सांगितलं, ही चांगली गोष्ट. मंजूर पद एक आणि खड्डा दुसरीकडे, असंच निघालं. यात लबाडी दिसत नाही. पण "काही दिवस" याला कधी अंत नसतो. कारण जोवर तुम्ही लाइन सांभाळताय, तोवर लाइनसाठी दुसरा माणूस घ्यायची घाई कोणालाच नाही. म्हणून तारखेपेक्षाही एक गोष्ट आधी विचारा: लाइन क्वालिटीच्या रिकाम्या जागेची भरती सुरू आहे का? सुरू असेल, तिची जाहिरात निघाली असेल, तर तीन-चार महिन्यांत तुम्ही सुटाल असं धरता येतं. ती जागाच मंजुरीला पाठवलेली नसेल, तर ते काम तुमचंच आहे असं समजून निर्णय घ्या.

आजच फोनवरचं बोलणं चार ओळींत लिहून त्याच मेलच्या उत्तरात पाठवा. "आपण सांगितल्याप्रमाणे पद सप्लायर क्वालिटीचे आहे, सुरुवातीला लाइन क्वालिटी पाहायची आहे, अहवाल क्वालिटी हेड यांना द्यायचा आहे. काही राहिले असल्यास कळवावे." शेवटी एक ओळ, "लाइनचा कालावधी साधारण किती महिने धरावा?" त्यांनी उत्तर दिलं तर उत्तमच. नाही दिलं तरी तुमच्याकडे तारखेसह नोंद राहते आणि त्यांनी ती खोडलेली नसते.

कुंडलिका

लाइन थांबवायच्या उत्तराने मी जरा थबकले. प्रॉडक्शन मॅनेजरला फोन करून विचारायचं असेल तर तो अधिकार क्वालिटीकडे राहिलाच नाही. रात्री तीन वाजता ते फोन उचलणार का? क्वालिटी हेडशी दहा मिनिटं बोलायला मिळेल का, हे एचआरना विचारा. कारणही सरळ आहे, ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांची भेटच झालेली नाही. ते भेटायला तयार झाले तर हाच प्रश्न त्यांना विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर रुजू झाल्यावर रोज त्या दोघांच्या मधे तुम्ही उभे असाल.

तुळजापूरनाका

एवढे प्रश्न विचारले तर ते दुसरा उमेदवार बघतील. वाळूज-शेंद्र्यात क्वालिटीची मुलं काय कमी आहेत का?

मांजराकाठ

धोका आहेच, नाही म्हणत नाही. म्हणून आणखी एक मेल आणि एक फोन, एवढ्यावर थांबा. तिसऱ्यांदा तोच विषय काढू नका. पण माणूस गेल्या महिन्यात सोडून गेलाय आणि पाळी उघडी पडलीय, म्हणजे त्यांनाही घाई आहे. अशा वेळी कामाबद्दल विचारलं म्हणून उमेदवार सोडून देणं त्यांनाही परवडत नाही.

सिंदफणा

ऑफर लेटरमध्ये 'सप्लायर क्वालिटी' असा शब्द येईल एवढं तरी बघा. नुसतं 'इंजिनियर' लिहिलं तर कुठेही बसवतील.

मांजराकाठ

हे अगदी बरोबर. हुद्दा आणि खातं, दोन्ही लिहून यायला हवं. आणि लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नोटीस ३० दिवसांची आहे, ते थांबतील.

पैठणगेट

बोलण्याची नोंद पाठवली. एचआरचं उत्तर आलं: हुद्दा "क्वालिटी इंजिनियर, सप्लायर क्वालिटी" असाच राहील, लाइनचा कालावधी "साधारण तीन महिने, गरजेनुसार". क्वालिटी हेडशी बुधवारी दुपारी फोन ठरलाय. रिकाम्या जागेच्या भरतीबद्दल मात्र काहीच लिहिलेलं नाही.

कुंडलिका

"गरजेनुसार" या शब्दावर अडून बसू नका, तो निघणार नाही. बुधवारी भरतीचं क्वालिटी हेडनाच विचारा. रिकामी जागा त्यांच्या खात्यातली आहे, त्यांना नक्की माहीत असणार.

सिडको_एन६

बुधवारी काय म्हणाले ते इथे टाका. शेंद्र्यात एका मित्राच्या बाबतीत हेच चाललंय, त्यालाही हा धागा पाठवलाय.